आत्याच्या लायनीतली नोकरी

आमच्या वहिनीला काही समजावून सांगायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं. भाचीच्या हातात दोन नोकऱ्या होत्या. एक सॉफ्टवेअर टेस्टिंगची, दुसरी आयटी सपोर्टची. दोन्हीकडे संध्याकाळपर्यंत उत्तर कळवायचं होतं आणि वहिनीने सकाळीच सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं, की पोरगी आत्याच्या लायनीत जाणार.

भाची वनस्पतिशास्त्राची पदवीधर. कॉम्प्युटरची पदवी नाही म्हणून वर्षभर घरी बसली होती, आणि पहिली नोकरी चुकली तर पुढचं दार कोण उघडणार, या धास्तीने पोरीची झोप उडाली होती. मी टेस्टिंगमध्येच केस पांढरे केलेत, म्हणून मला रजा टाकून बोलावलं.

"सपोर्ट म्हणजे फोन उचलायचे," वहिनी म्हणाली. "पासवर्ड विसरला, प्रिंटर चालत नाही. त्यासाठी शिकवली का हिला?"

"अगं, पण त्या नोकरीतून पुढे जायला वाट कुठून आहे ते बघ ना!" मी म्हटलं. "टेस्टिंग चांगलंच आहे. पण स्वतः डोकं चालवून प्रोग्रॅम कुठे फसेल ते शोधायचं असेल, डेव्हलपरशी भांडायचं असेल, तर."

"म्हणजे टेस्टिंगच," दादा पेपरातून म्हणाला. याला एवढंच ऐकू येतं.

माझा पारा चढला. मी भाचीला म्हटलं, "लाव फोन दोघांनाही. तूच विचार. स्पीकरवर ठेव."

टेस्टिंगवाल्या बाई फार गोड बोलल्या. काम अगदी सोपं, म्हणाल्या. टेस्ट केस आधीच लिहिलेल्या असतात. त्यातल्या पायऱ्या एकेक करून बघायच्या आणि पास की फेल एवढं भरायचं.

"फेल झालं तर डेव्हलपरशी मी बोलायचं का?" भाचीने विचारलं.

"छे छे, ते सीनियर बघतात. तुम्हाला काही टेन्शन नाही."

"डेटाबेसमध्ये बघायला मिळेल? पुढे टेस्टिंगचं ऑटोमेशन शिकता येईल?"

"ती टीम वेगळी आहे. तिथे कॉम्प्युटरचीच मुलं घेतात."

वहिनीचा चेहरा खुलला. टेन्शन नाही, हे तिला भारीच आवडलं. मी मात्र भाचीला दुसरा नंबर लावायची खूण केली.

सपोर्टच्या डेस्कचा प्रमुख तिरसट निघाला. "पहिले काही महिने कंटाळा येईल, आत्ताच सांगतो. पासवर्ड, लॅपटॉप, लोकांची बोलणी. शिफ्ट बदलत्या. पण तक्रार आमच्याने सुटली नाही आणि वरच्या टीमकडे गेली, तर ती कशी सुटली ते वाचून टिपण लिहायचं. ते आम्ही तपासतो. चांगलं लिहिणाऱ्याला सर्व्हरचे लॉग, म्हणजे तिथल्या नोंदी, बघायला देतो."

"इथून पुढे कोणी गेलंय का?"

"एक नेटवर्कला गेली, एक क्लाउडला गेला. दोघंही कॉमर्सची. मी इतिहासाचा. अजून काही? माझ्याकडे तीन फोन वाजतायत." आणि ठेवलाच त्याने.

"बघितलंस?" वहिनी म्हणाली. "बोलायची पद्धत तरी आहे का! टेस्टिंगच घे."

"वहिनी, गप्प बस गं जरा!" मी ओरडलेच. दादाने पेपर खाली ठेवला. "त्या बाई जे सांगत होत्या ना, लिहिलेल्या पायऱ्या बघा, पास-फेल भरा, ते काम आमच्याकडे आता माणूस करत नाही. स्क्रिप्ट करते, आपोआप. मीच ती बसवून घेतली, याच महिन्यात."

वहिनी चहाचे कप उचलायला लागली.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "मग ते काम करत होती ती माणसं?"

"पोरंच होती, तुझ्यासारखी. कुणी भूगोलाचं, कुणी रसायनशास्त्राचं. सोमवारी कामावरून कमी केलं."

"त्यांना आणखी काय येतं?"

पास आणि फेल भरायला येतं, दुसरं काय! सगळी माझ्याच हाताखाली होती. डेव्हलपरच्या मीटिंगला त्यांना एकदाही बसवलं नव्हतं. वेळ जातो म्हणून.

"काही नाही येत," मी म्हटलं. "मी शिकवलंच नाही."

भाचीने लॅपटॉप ओढला आणि सपोर्टला होकार लिहायला घेतला. वहिनीने माझ्याकडे बघितलं, कप तसेच हातात. या वेळी मात्र ती एका शब्दानेही माझ्याशी वाद घालेना, आणि मला वाटत होतं, घाल बाई, काहीतरी बोल.