सर्वांत सुरक्षित शेगडी

बाबांना त्यांच्या घरात एकटं राहू द्यायचं की नाही, हे शेगडीवर ठरणार होतं. खिडकीतल्या वाऱ्यानं ज्योत विझली, गॅस सुटत राहिला आणि बाबा मागच्या पडवीत निवांत रंधा मारत बसले, असं दोनदा झालं होतं. बाबा सुतार. जन्मभर पॉलिशचा वास घेऊन त्यांचं नाक त्यांच्या आधीच निवृत्त झालं होतं.

"आता एकदा जरी घरात गॅसचा वास आला," ताई म्हणाली, "तर बाबा माझ्याकडे. विषय संपला."

"मला वासच येत नाही," बाबा म्हणाले, "तेव्हा मतदानातून मला वगळा."

मी म्हणालो, "शेगडी बदलू." ताई म्हणाली, "बारक्या, शेगडी तू निवड. म्हणजे नंतर शिव्या कुणाला घालायच्या ते पक्कं राहील."

मी लग्नासाठी स्थळं बघावीत तशा शेगड्या बघितल्या. पहिलीचा बर्नर पितळी, ज्योत निळीशार, भांड्याच्या तळाला चिकटून. पाणी सगळ्यांत आधी तिच्यावर उकळलं. पण ज्योत विझली तर तिला काही सोयरसुतक नव्हतं. दुसरी अगदी साधी; गुण एवढाच, की तिचा मेकॅनिक बाबांच्या गल्लीच्या तोंडाशी बसायचा. तिसरीत ज्योतीजवळ सेन्सरची बारीक कांडी होती. ज्योत असली की कांडी तापलेली, ती गार झाली की गॅस बंद. दुकानदारानं वाढदिवस असल्यासारखी फुंकर मारली. थोड्या वेळानं आतून 'टक्' असा आवाज आला. मी भारावलो.

"सर्व्हिस?"

"टोल फ्री नंबर आहे."

"माणूस?"

"माणूसही आहे. दुसऱ्या शहरात आहे, पण आहे."

गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, "ती कांडी सरकली तर माझ्याकडे येऊ नका. तिचे सुटे भाग मला मिळत नाहीत." मला वाटलं, जळतोय.

तिसरी घरी आली. ती पेटवताना बटण दाबून धरावं लागतं. कांडी तापेपर्यंत सोडायचं नाही. दुकानात मी ते सहज केलं होतं. पण दुकानात माझा अंगठा होता. बाबांचा अंगठा संधिवातानं वाकलेला, आणि आणताना हिसका बसून कांडीही ज्योतीपासून जराशी सरकलेली. बाबा दाबायचे, अंगठा थरथरायचा, सुटायचा, ज्योत जायची.

"हिचा माझ्यावर विश्वास नाही," बाबा म्हणाले.

मी टोल फ्रीला फोन लावला. माझा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा होता, म्हणून त्यांनी तो जपून ठेवला, बराच वेळ. बाबांनी स्पीकरवरच्या संगीताला बोटांनी ताल धरला. शेवटी एका मुलीनं तक्रार नोंदवली आणि माणूस येईल म्हणाली. कधी, हे विचारणं तिला उद्धटपणाचं वाटलं.

काही दिवसांनी बाबांचाच फोन आला. "माणूस राहू दे. जमलं मला."

मी ताईला विजयी मेसेज केला. ती खात्री करायला गेली आणि दारातच थबकली. वास. आत जाऊन तिनं आधी बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. मग मला बोलावलं. बाबा पडवीत पायाला पॉलिशपेपर घासत होते, म्हणजे स्टुलाच्या.

ओट्याच्या कडेला सागवानी चौकट ठोकली होती. चौकट आणि बटण यांच्यामध्ये पाचर. कडा गोल केलेल्या, पॉलिश मारलेलं, धरायला नाजूक खाच. दोन्ही बर्नरना एकेक. बटण कायम दाबलेलं. दूध उतू गेलं, ज्योत विझली, कांडी गार पडली. पण पाचरीनं झडप उघडीच धरून ठेवली. एवढं सुबक काम बाबांनी माझ्या टेबलासाठीही केलं नव्हतं.

"बाबा, हे काय केलंत?" ताईनं विचारलं.

"अगं, अंगठा टिकत नाही. लाकूड टिकतं."

"साधी शेगडी तरी बरी होती हो! ही तर विझली की आपोआप गॅस थांबवते, तुम्ही तिचाच हात धरून ठेवलात."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी पाचरीकडे. ताईनं पिशवी भरायला घेतली. बाबांनी हत्यारांच्या पेटीकडे हात नेला, तर ती म्हणाली, "फ्लॅटमध्ये ठोकाठोकी चालत नाही, बाबा." त्यांनी हात मागे घेतला, इतक्या निमूटपणे की मला हसू येणार होतं ते आलंच नाही.

घराला कुलूप लावायच्या आठवड्यात कंपनीचा माणूस उगवला. वाकला, पाचरी काढून ठेवल्या, पक्कड घेतली, कांडी ज्योतीकडे किंचित वळवली. "हिला हिसका बसला होता. बघा आता." मी बटण दाबलं आणि दोन-तीन सेकंदांतच सोडलं. ज्योत राहिली.

"वापरणाऱ्यांना बोलवा, एकदा दाखवतो."

मी बाबांना फोन लावला.

"आला का माणूस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "काय म्हणतो?"

"काही नव्हतं म्हणतो. पकडीनं जरासं वळवलं, झालं."

पलीकडे ताईचा टीव्ही चालू होता.

"बरं. बंद कर गॅस," बाबा म्हणाले. "इथं चहा चारलाच मिळतो. मी विचारलं, मधे केला तर चालेल का. ताई म्हणाली, तुम्ही बसा."