श्वास सोडा, मास्तर

गुंडेरावांनी दोन आठवडे फळ्याच्या वरच्या अर्ध्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. बत्तीस वर्षं गणित शिकवणारा माणूस, पण हात खांद्याच्या वर न्यायची हिंमत उरली नव्हती.

दोन आठवड्यांपूर्वी नववीच्या वर्गात ते प्रमेय लिहीत होते. हात वर गेला तसा शर्ट पँटीतून निसटला, पँट पोटाखाली घसरली आणि कुणीतरी मागून मोबाइलवर ते टिपलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या शाळेत फिरलं. ‘होट्टे मेष्ट्रू’, कानडीत पोटवाले मास्तर, हे नाव तेव्हाच पडलं. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, सोमवारी संस्थेचे सेक्रेटरी तुमचा तास बघायला येणार. तास जमला नाही तर वरचे वर्ग काढून घेऊ.

बायको वेदवती म्हणाली, “नजरबादला अंबूताईकडे जा की. माझ्या भावाचे कपडे तीच शिवते. नवरा गेल्यापासून दुकान एकटी चालवते, पण हात त्याच्यापेक्षा बरा आहे.”

ते गेले. बगलेत चकचकीत काळं कापड होतं. काळ्यात माणूस बारीक दिसतो, असं कुणीतरी सांगितलेलं. अंबूताईंनी ते बोटांत चोळलं आणि बाजूला ठेवलं.

“बेड सार, हे नको. प्रत्येक फुगवट्यावर चमकेल. आणि इतकं पातळ, की अंगाला चिकटेल. चमक नसलेलं, जरा वजनदार घ्या, सरळ खाली पडतं.” त्यांनी कपाटातून राखाडी निळसर कापडाचा तुकडा काढला. “एवढंच आहे, एका शर्टाचं.”

“शर्ट ढगळ शिवा, ताई. दोन नंबर मोठा.”

“मग खांदे खाली लोंबतील, आणि हात वर केला की अख्खा शर्ट वर ओढला जाईल. बगल वर, अंगाजवळ हवी. खांदा खांद्याच्या मापाचा, जागा फक्त पुढे पोटावर. पुढची लांबीही जास्त.” मग पँटीकडे बघून, “ही कुठे घालता?”

“पोटाखाली. कंबर अडतीस.”

“म्हणून घसरते. बेंबीवर घाला. नवी शिवते, पुढची उंची वाढवून. एक प्लीट, म्हणजे चुणी, देते, बाजूंना आतून इलॅस्टिक. पोटावरून कापड सरळ उतरेल.”

टेप बेंबीवर आला तेव्हा गुंडेरावांनी छाती फुगवली आणि पोट आत ओढलं. अंबूताईंनी आकडा लिहिला.

शनिवारी दुपारी ट्रायल. उभे असताना सगळं छान होतं. मग त्या म्हणाल्या, “बसा बघू.” ते बसले आणि पोटावरच्या दोन बटणांमध्ये फट पडली, आतला बनियन दिसला. पँटीचं हूक ताणलं गेलं.

अंबूताईंनी लिहिलेला आकडा पुन्हा बघितला. “सार, मापाच्या वेळी श्वास धरला होता का?”

गुंडेरावांनी बटणांमधली फट हाताने झाकली. ते तसेच स्टुलावर बसून राहिले आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. परक्या बाईसमोर, भर दुकानात. “मला वाटलं, आकडा कमी लिहिला तर... मुलं हसतात हो, ताई. मी पाठ वळवली की हसतात. फळ्याला हात लावायची भीती वाटते मला. आता काय करू? परवा सोमवार.”

“अय्यो, रडू नका,” अंबूताई म्हणाल्या. “पँटीला मागच्या शिवणीत जादा कापड ठेवलंय, दोन इंच सोडते. शर्ट मात्र गेला. हे कापड संपलं.” त्या आत गेल्या आणि मळकट हिरव्या रंगाचा तागा घेऊन आल्या. “दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे. त्याला मी समजावीन. उठा. आता उसिरु बिडी, मास्तर. श्वास सोडा म्हणते मी.”

त्यांनी श्वास सोडला. पोट पुढे आलं. टेप भोवती फिरला.

“बसा... सत्तेचाळीस. शर्टाला यावर चार इंच सैल.”

सोमवारी पहिल्या बाकाशेजारी सेक्रेटरी बसले होते. गुंडेराव खडू घेऊन उभे राहिले. मागून कुणीतरी हळूच ‘होट्टे’ म्हणालं, दोघं खिदळले. त्यांनी हात वर नेला. बगल अडली नाही, शर्ट जागचा हलला नाही, पँट बेंबीवर तशीच राहिली. फळ्याच्या अगदी वरच्या कडेला त्यांनी लिहिलं: त्रिकोण.

मग खाली, आणखी खाली, शेवटच्या ओळीपर्यंत. अर्ध्या तासाने वर्गात फक्त वह्यांवरची पेनं वाजत होती.

सेक्रेटरी जाताना एवढंच म्हणाले, “वर्ग तुमच्याकडेच राहू देत. फक्त तीन नंबरची पायरी पुन्हा एकदा सांगा त्यांना.” गुंडेरावांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी डस्टर उचललं आणि तिसऱ्या पायरीसाठी वरचा कोपरा पुसायला सुरुवात केली.