डावा हात

मॅडम म्हणाल्या, “नावं उडव आणि जेवायच्या आत पाठवून दे.” जणू शर्टावरचा धागाच झटकायचा होता.

आमचं ऑफिस म्हणजे या बिल्डिंगचं देखभाल खातं. मी, मॅडम आणि एक कुरकुरणारा एसी. सफाईचं काम बाहेरच्या ठेकेदाराकडे. त्याचा सुपरवायझर अ‍ॅसिड आणि ब्लीच एकाच बादलीत ओतायला लावतो, संडास पटकन उरकतात म्हणून. सफाईच्या एका ताईंनी लेकीच्या मोबाइलवरून आम्हाला मेल केला होता. दम कोंडतो, डोळे चुरचुरतात, डाव्या हाताची कातडी गेली. शेवटची ओळ: माझं नाव सांगू नका, तो मला कामावरून काढेल.

त्यावर मी लिहिलं, मॅडमनी लिहिलं, सिक्युरिटीवाल्यांनी लिहिलं. मेलला शेपूट फुटत गेलं. ठेकेदाराला तक्रार कळवली, तर तो अडून बसला. “अख्खा मेल पाठवा, मग चौकशी करतो.”

बसलो पुसायला. ताईंचं नाव गेलं. नंबर गेला. लेकीचा मेल आयडी गेला. मग दिसलं, विषयाच्या ओळीतच नाव आहे! तेही काढलं. सिक्युरिटीवाल्याने मध्येच विचारलं होतं, ‘सहाव्या मजल्यावरच्या का?’ काढलं. फोटोत बादलीशेजारी त्यांच्या चपला. फोटोच काढला. आधी स्वतःलाच पाठवून मोबाइलवर उघडला. तळाशी तीन टिंबं. दाबली, तर ताईंचा पहिला मेल नावासकट जसाच्या तसा खाली बसलेला. मी वरचीच नक्कल धुतली होती. तेही साफ केलं, मॅडमनी एकदा बघून पाठवावा म्हणून मसुदा ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये ठेवला आणि चहाला खाली गेलो.

खाली सुपरवायझर त्याच ताईंवर ओरडत होता. “ए डावरे! तो पोछा घे. आणि जरा उजव्या हाताने पूस गं, फरशीलाही डाव्याचा कंटाळा आला!” बाकीचे हसले. ताईही हसल्या. नोकरी टिकवायची तर हसावंच लागतं.

माझा चहा तिथेच राहिला. लिफ्ट येईना, जिन्याने पळालो. दार ढकललं तेव्हा मॅडमचा हात माउसवर.

“पाठवते हां. चांगलं केलंस.”

“थांबा! नाव राहिलंय!”

“कुठे? दोनदा वाचला मी.”

“डाव्या हाताची कातडी. सगळे त्यांना डावरीच म्हणतात. पोछा, ब्लीच, सगळं डाव्या हाताने. दुसऱ्या कुणाचा डावा हात जळणारे?”

मॅडमनी माउस सोडला. “अरे, पण हात काढला तर उरलं काय? नुसत्या वासाला ठेकेदार भीक घालणार नाही.”

“त्यांनाच विचारू.”

“आणि सुपरवायझरने तुला त्यांच्याशी बोलताना बघितलं तर?”

खरं होतं. मग सहाव्या मजल्यावर नळ गळतोय असं कारण काढलं, पाना घेतला आणि गेलो. ताई एकट्याच होत्या. मी नळाकडे बघत बोललो, त्या फरशीकडे बघत ऐकत होत्या.

“हात काढून टाका भाऊ,” त्या म्हणाल्या. “हात माझा एकटीचा. वास सगळ्यांना येतो.”

“पण मग पुरावा?”

“नाक आहे ना तुम्हाला? उद्या सकाळी बादली भरताना या. रुमाल आणा. मॅडमनाही आणा, जरा व्यायाम होईल.”

दुसऱ्या दिवशी गेलो. दोन्ही बाटल्या एकाच बादलीशेजारी रिकाम्या. वास असा की मॅडम खोकत खिडकीपाशी गेल्या आणि मला तर बोलताच येईना. मी फक्त बाटल्यांचा नि बादलीचा फोटो काढला, त्यात कुणी माणूस येत नाही ना ते बघून. ती बादली वापरणं तिथेच थांबवायला लावलं, खिडक्या उघडल्या.

मेल फॉरवर्ड केलाच नाही. कोरा मेल उघडला. आम्ही काय पाहिलं, आम्हाला काय झालं, एवढंच. जुन्या मेलचं एक अक्षर नाही. मी तोही आधी स्वतःला पाठवला. तीन टिंबं शोधली. नव्हती. मग मॅडमनी पाठवला.

ठेकेदाराचा लगेच फोन. “मॅडम, चुगली कुणी केली?”

“आमच्या नाकाने,” मॅडम म्हणाल्या. “आणि आजपासून हे बंद झालं नाही, तर पुढचं कंत्राट विसरा.”

अ‍ॅसिड बंद झालं. सगळ्यांना हातमोजे आले. सुपरवायझर काही विसरला नाही पण. काल जिन्यात माझी वाट अडवून उभा.

“खरं सांग. कोण होतं?”

“मी.”

“तू कशाला वास घ्यायला जातोस?”

“नळ गळत होता.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग वरच्या पायऱ्यांकडे. तिथे ताई पोछा मारत होत्या, डाव्या हाताने, हातमोजा घालून. मान वर केली नाही. मीही पुन्हा तिकडे बघितलं नाही, आणि पाना खिशात आहे का ते उगाच चाचपत राहिलो.