सातशे ताटांचं जेवण

सोमवारी सकाळी नऊ वाजता एमडी साहेबांनी राजशेखरला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

राजशेखर सूतगिरणीचा टाइमकीपर. जयसिंगपूरच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच ही सहकारी गिरणी होती. एकोणीस वर्षं तो तिथं हजेरीची कार्डं सांभाळत होता. येत्या रविवारी, चोवीस नोव्हेंबरला, गिरणीला पंचवीस वर्षं पुरी होत होती. त्या दिवशी कामगार आणि त्यांच्या बायकापोरांना जेवण द्यायचं ठरलं होतं आणि त्याची सगळी जुळवाजुळव राजशेखरकडं होती. साहेब त्याबद्दलच विचारणार, असं त्याला वाटलं.

"शुक्रवारची रात्रपाळी सुटली की गिरणी बंद," साहेब म्हणाले. "बेमुदत. शनिवारी सकाळी गेटवर नोटीस लागेल. तुम्हाला सांगतोय, कारण हजेरीपत्रकं त्याआधी माझ्या ताब्यात पाहिजेत."

राजशेखरच्या तोंडून निघालं, "मग साहेब, जेवणाचं? बनाबाईला न्हाय म्हणून सांगू?"

"उलट पक्कं करा. आज बोलवा तिला. दोनच्या सुमाराला, पाळी बदलताना. जागा दाखवा, गेटपास द्या, दुसरा हप्ता द्या. लोकांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. दोन महिन्यांचा पगार थकलाय, तो कामगारांचा जोतीराम सतत मीटिंगा घेतोय. आचारी येऊन जागा बघून गेला म्हटल्यावर लोक आठवडाभर गप्प बसतील." साहेबांनी ड्रॉवरमधून सही केलेला चेक काढून टेबलावर ठेवला. "आणि घरीसुद्धा बोलायचं नाही. तुमचं नाव मी ऑफिसात ठेवायच्या माणसांच्या यादीत घातलंय."

चेक दहा हजारांचा होता. गिरणीच्या त्या खात्यात काय शिल्लक आहे, हे ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

बनाबाई बरोबर दोनला आली. पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत. तिचा नवरा गुंडू टेम्पो चालवायचा, तोही बरोबर होता. दोघांनी वीस वर्षांत आसपासच्या पाच-पन्नास गावांत लग्नांची, बारशांची, वास्तुशांतींची जेवणं केली होती. राजशेखरच्या बहिणीच्या लग्नातलं जेवणही तिचंच.

"बोला शेखरआण्णा," ती म्हणाली, "आता काय फिरवाफिरवी न्हाय न्हवं? मला आज पक्कं पायजे. रविवारची अजून एक सुपारी आलीय, वारणानगरला मुंज हाय. तुम्ही व्हय म्हटलासा की त्यास्नी मी न्हाय म्हणून कळवतो."

इथं एकच वाक्य बोलायला हवं होतं, असं राजशेखरला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. जावा वारणानगरला, एवढंच. पण पलीकडं पहिल्या पाळीची माणसं हात धुऊन बाहेर पडत होती, दुसऱ्या पाळीची आत येत होती, आणि वरच्या खिडकीत साहेब उभे होते.

"पक्कं," तो म्हणाला.

मग त्यानं तिला कँटीनच्या मागची जागा दाखवली. चुली तिथंच लावायच्या, पण पलीकडं कापसाचं गोडाऊन होतं. लाकडं अजिबात चालणार नाहीत, ठिणगी उडाली तर गाठी पेटतील. फक्त गॅस.

"आठ शेगड्या लागतील," बनाबाई म्हणाली. "पाण्याचा नळ हाच एक? मग दोन बॅरल आदल्या दिवशीच भरून ठेवाय लागतील. आत कधी सोडणार?"

"शनिवारी दुपारी बाराला."

"बाराच बरं का. भांडी उतरून मांडायला तीन तास जातात. बुंदी शनिवारीच पाडायची. माझ्या बायका रविवारी पहाटे चारला येणार, भाज्या चिरायला. तवा वॉचमननं दारात आडवलं, तर दहाची पंगत बाराला बसंल. मग मला बोलू नगासा."

"नावं द्या. पास करतो."

गुंडूनं बावीस नावं सांगितली. राजशेखरनं तिथंच भिंतीला टेकून ती लिहिली, टेम्पोचा नंबर लिहिला, वेळ लिहिली आणि खाली सही केली. अक्षर रोजच्यासारखंच आलं.

एव्हाना भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. कुणी म्हणालं, "मावशी, मसालेभात झणझणीत होऊ दे." कुणी म्हणालं, "बुंदी दोनदा वाढायची, सांगून ठेवतो." बनाबाई सगळ्यांना उत्तरं देत होती. मागून जोतीराम आला. सूत कातायच्या रिंग फ्रेमवर काम करणारा, बोलायला कमी, पण सगळी गिरणी त्याचं ऐकायची. तो राजशेखरच्या अगदी जवळ उभा राहिला.

"शेखरआण्णा, परवापास्नं सुताचे ट्रक भायेर चाललेत. सुताचं गोडाऊन निम्मं रिकामं झालंय. काय भानगड हाय?"

"कार्यक्रमाला पैसा लागतोय की," राजशेखर म्हणाला. "माल विकल्याबिगर कुठनं आणणार? पगारबी करायचाय."

जोतीरामनं त्याच्याकडं पाहिलं, मग बनाबाईच्या हातातल्या पासकडं पाहिलं. "तुम्ही म्हणताय म्हटल्यावर ठीक हाय," असं म्हणून तो आत गेला.

बनाबाईनं चेक हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "हे काय? पयला हप्ता रोख दिलासा. ठरलंय की, तिसरा हिस्सा बोलीला, मधला आठवडाभर आधी आन् उरल्यालं रविवारी शेवटची पंगत उठली की. सगळं रोखच ठरलं हुतं."

"ऑडिट हाय म्हणून चेक काढलाय."

"बरं. तुमच्यावर काय अविश्वास न्हाय." तिनं चेक घडी करून पिशवीत ठेवला.

ते टेम्पोकडं निघाले तेव्हा राजशेखर मागोमाग गेला. खिडकी आता दिसत नव्हती. "बनाक्का," तो म्हणाला, "भाजी शुक्रवारी घेऊ नगासा. शनिवारी घ्या. शक्यतो दुपारनंतर."

"व्हय? का?"

"ताजी बरी."

"आण्णा, सातशे माणसांची भाजी शनिवारी दुपारनंतर कोण देतंय? आन् बाराला तर मी हितं येणार. काळजी करू नगासा, ताजीच आणतो." ती हसली आणि टेम्पोत बसली.

त्या आठवड्यात गिरणीत कधी नव्हे ते बरं वातावरण होतं. मीटिंगा थांबल्या. कुणीतरी गेटाला पताका लावल्या. मंगळवारी चार ट्रक गेले, बुधवारी पाच, गुरुवारी किती गेले ते राजशेखरनं मोजलं नाही. ट्रकवाल्यांना माणसं हसून वाट करून देत होती. घरी त्याची बायको दानम्मा रविवारी कोणतं लुगडं नेसावं ते विचारत होती. तो म्हणायचा, "कुठलंबी नेस." दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिनं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाला.

शनिवारी साडेअकराला तो गिरणीसमोरच्या टपरीजवळ जाऊन उभा राहिला. साहेबांनी येऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी गेला. गेटला साखळी होती. नोटीस चिकटवली होती. दोन पोलीस खुर्च्यांवर बसले होते. दीडदोनशे माणसं रस्त्यावर होती, आणि नवल म्हणजे आरडाओरडा अजिबात नव्हता. एकजण मोठ्यानं नोटीस वाचायचा, ती संपली की दुसरा पहिल्यापासून वाचायला घ्यायचा.

बाराला पाच मिनिटं असताना टेम्पो आला. वर पातेली, शेगड्या, बटाट्याची पोती, मठ्ठ्याच्या दह्याचे डबे. बनाबाई उतरली, गर्दीतून वाट काढत गेटापाशी गेली आणि गजांतून पास आत धरला.

"बाराची वेळ दिलीय," ती वॉचमनला म्हणाली. "गेट उघडा."

वॉचमन पिराजी म्हातारा माणूस. "आक्का, नोटीस बघितली न्हाय का? गिरणी बंद झाली."

"मग ह्यावर सही कुणाची हाय?"

पिराजीनं पास हातात घेतला, बराच वेळ बघितला. "टाइमकीपरची."

आता माणसं इकडंतिकडं बघू लागली. राजशेखर स्वतःच रस्ता ओलांडून पुढं आला. का आला, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. टपरीमागनं निघून जाता आलं असतं.

"शेखरआण्णा," बनाबाई म्हणाली, "काय हाय हे?"

तेवढ्यात जोतीराम त्याच्यासमोर आला. "तुम्हाला कवा कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी सकाळी का बनाक्का येऊन गेल्यावर?"

"सकाळी."

गर्दीतून एक शिवी आली. जोतीरामनं मागं न बघता हात वर केला, तसं परत शांत झालं. तो हळू आवाजात बोलला, जणू राजशेखरला हिशेब समजावून सांगत होता. "सोमवारी गोडाऊनात निम्मं सूत हुतं. आम्ही गेटवर बसलो असतो. एक ट्रक सोडला नसता. त्या सुतात सगळ्यांचा पगार निघत हुता. आता आत काय हाय? भिंती हाईत."

राजशेखर म्हणाला, "माझी चूक झाली."

"व्हय," जोतीराम म्हणाला, आणि माणसांकडं परत गेला.

बनाबाई अजून तिथंच होती. "शनिवारी भाजी घ्या म्हणत हुतासा, ते यासाठी व्हय?"

त्यानं मान हलवली.

"सरळ सांगायचं हुतं की. मी काय तुमचं नाव सायबाला जाऊन सांगणार हुतो? वारणानगरची मुंज गेली. माझ्या कामाच्या बायकास्नी मी काय देऊ?" तिचा आवाज चढला नाही. तेच त्याला सोसवेना. गुंडूनं टेम्पो सुरू केला. संध्याकाळी त्यांनी बटाटे इचलकरंजीच्या बाजारात मिळेल त्या भावाला विकले. दही फुकट वाटलं म्हणे. चेक आठ दिवसांनी परत आला.

साहेबांनी राजशेखरला ऑफिसात ठेवलं, पण दोनच महिने. मग त्यालाही पत्र मिळालं. गेटसमोर कामगारांचा मांडव तोवर उभाच होता. पत्र मिळालं त्याच दिवशी तो मांडवात जाऊन बसला. कुणी ऊठ म्हटलं नाही. कुणी बोललंही नाही. चहा आला, ग्लास त्याच्या अलीकडच्या माणसापर्यंत आले आणि पलीकडच्यापासून पुढं गेले. तो आठवडाभर रोज जाऊन बसला, मग जायचा थांबला. पावसाळ्याआधी मांडवही उठला. कोण शेतात गेलं, कोण मागावर. थकलेला पगार कुणालाच मिळाला नाही.

राजशेखरला कबनूरमध्ये एका यंत्रमागाच्या कारखान्यात हजेरी लिहायचं काम लागलं. तिथून जमेल तसे पैसे तो बनाबाईला नेऊन देऊ लागला. चेकचे दहा हजार फिटायला दीड वर्ष लागलं. दर वेळी ती उंबऱ्यातच पैसे घ्यायची, गुंडूला पावती लिहायला सांगायची. एकदाही आत ये म्हणाली नाही, आणि एकदाही वाईट बोलली नाही.

शेवटच्या खेपेला त्यानं विचारलं, "बनाक्का, धंदा कसा काय चाललाय?"

"चाललाय," ती म्हणाली. "आता आम्ही सगळं आधीच घेतो. बोलीलाच पुरे पैसे. गिऱ्हाइकं कमी झाल्यात त्यानं. लोकास्नी राग येतो."

पावती घेऊन तो पायऱ्या उतरला. मागून तिनं दार लोटल्याचा आवाज आला. बसस्टॉपवर कबनूरची गाडी लागली होती. ती भरून निघाली आणि गिरणीवरूनच पुढं गेली. तो गिरणीच्या विरुद्ध बाजूला तोंड करून बसला होता.