पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं

सिस्टरनं लहान मुलांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं काढली होती. रडणाऱ्या पोराला एका फटक्यात सलाईन लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच हातानं ती तीन वर्षं मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होती. आधी गंमत म्हणून, मग गेलेलं परत मिळवायला, शेवटी नुसतंच.

एका मंगळवारी, भरदुपारी औषधांच्या खोलीत डाव रंगला आणि एका मुलाचा ताप मोजायचा राहिला. तिनं तक्त्यावर अंदाजानं आकडा लिहून टाकला. मग लगेच धावत जाऊन तिनं खरा ताप मोजला, आधीचा आकडा खोडला आणि हेडसिस्टरला चूक सांगितली. रमीचं मात्र गिळलं. घरी आल्यावर नणंदेसमोर तेही ओकली.

नणंद मोटार चालवायला शिकवायची. माणसं घाबरली की काय करतात, हे तिला पाठ होतं. शनिवारी चार वाजता तिनं वहिनीला वाचनालयाच्या जिन्यापाशी आणून उभं केलं.

"वरती जुगार सोडणाऱ्यांची बैठक असते. फोन करून विचारलंय मी. फी नाही, अर्ज नाही. जुगार सोडायची इच्छा असली की झालं."

"आणि तुम्ही?"

"घरच्यांची बैठक शेजारच्या खोलीत. मी तिकडे बसते. तुमच्यात मला प्रवेश नाही."

वर अकरा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. दारातच एक पिकल्या मिशांचा माणूस पुढे आला. पूर्वी बस कंडक्टर होता. आजची बैठक तो चालवणार होता. "या. नाव हवं तर सांगा, आडनाव नको. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं."

सिस्टर बसली, आणि समोरच्या खुर्चीत तिच्याच दवाखान्यातला रक्त तपासणारा लॅबवाला दिसला. सोमवारी सगळ्या दवाखान्यात बभ्रा! ती उठून दारापर्यंत गेली.

लॅबवाला मागून हळूच म्हणाला, "सिस्टर, मी इथं चार वर्षं येतोय. तुमच्या कानावर कधी आलं?"

नव्हतं आलं. ती परत येऊन बसली.

कंडक्टरनं सुरुवात केली. इथं ऐकलेलं इथंच राहील, एक बोलताना दुसरा मध्ये तोंड घालणार नाही, कुणी कुणाला उपदेश करणार नाही, हे त्यानं सांगितलं. मग गटाच्या पुस्तिकेतली पानं सगळ्यांनी आळीपाळीनं वाचली. नव्या माणसासाठी वीस प्रश्न वाचले गेले. जुगारापायी कामाचा वेळ वाया गेला का? हरल्यावर लगेच परत खेळून भरपाई करावीशी वाटते का? झोप उडाली का? सिस्टर मनातल्या मनात 'हो' मोजत होती. चौदा.

"आमच्यातल्या बहुतेकांची निदान सात तरी उत्तरं 'हो' येतात," कंडक्टर म्हणाला. "तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही शिक्का मारत नाही."

मग एकेक जण बोलला. पाव भाजणारा एक बेकरीवाला मुलीच्या लग्नात मांडवामागं बसून सट्टा लावल्याचं सांगत होता. कुणी च्च् केलं नाही. बोलणं संपलं की सगळे फक्त "धन्यवाद" म्हणायचे.

तिची पाळी आली. 'आज ऐकते' म्हणायचं तिनं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं, "मी एका आजारी मुलाचा ताप अंदाजानं लिहिला. रमीपायी. मला हे थांबवायचंय."

"धन्यवाद," बाकीचे दहा जण म्हणाले. सिस्टरनं पदर तोंडाला लावला.

शेवटी वर्गणीचा डबा फिरला. नव्या माणसानं टाकायची गरज नाही, म्हणून तिच्यासमोरून पुढे गेला. सगळ्यांनी उभं राहून मनःशांतीची छोटी प्रार्थना म्हटली. मग चहा, पुस्तिका आणि फोन नंबरांचा कागद.

"कर्जाची, देण्याघेण्याची चिंता आज नको," कंडक्टर म्हणाला. "काही बैठका होऊ द्या, मग त्यासाठी वेगळे बसू. आज फक्त आजचा दिवस. मोबाइलवरचे खेळ काढून टाका, 'बघू जमतंय का' म्हणून परीक्षा घेऊ नका. आणि हात शिवशिवला तर खेळायच्या आधी फोन करा, नंतर नव्हे."

जिन्यातच तिनं नणंदेसमोर खेळ काढून टाकले, खाती बंद केली.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत हात शिवशिवला. तिनं बेकरीवाल्याला फोन लावला. "बोला सिस्टर, हात पिठात आहेत, कान मोकळे आहेत!" तो वीस मिनिटं बोलत राहिला. ओढ ओसरली.

फोन ठेवून ती सरळ हेडसिस्टरकडे गेली आणि रमीचं राहिलेलं सांगितलं. हेडसिस्टरनं हातातला तक्ता बाजूला ठेवला.

"लेखी द्यावं लागेल. पुढचं माझ्या हातात नाही."

"देते."

"आणि ड्यूटीत मोबाइल माझ्या खणात."

सिस्टरनं मोबाइल टेबलावर ठेवला, कागद मागून घेतला आणि लिहायला बसली. शनिवारी चारला सुट्टी हवी, हेही तिनं खाली लिहिलं.