हिरवा म्हणजे हायड्रोजन

ऑक्सिजन ५०१. हायड्रोजन ६५६. गंधक ६७२. प्रत्येकाच्या प्रकाशलहरीची लांबी, नॅनोमीटरमध्ये.

जामखेडच्या एका गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया. शेजारी झाकून ठेवलेली दुर्बीण.

तिला जोडलेल्या कॅमेऱ्याला रंग दिसत नाही.

"हिरवा लई झालाय."

हे शेवटचं वाक्य प्राचार्य आदिनाथ सरांचं. समोर भौतिकशास्त्राच्या मुबश्शिरा मॅडम. टेबलावर कॉलेजच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ: रोझेट तेजोमेघ, मॅडमनी स्वतःच्या गच्चीवरून टिपलेला. अंक उद्या छापायला नगरला जाणार.

"हायड्रोजनच लई आहे सर. त्याला मी काय करू?"

"लोक काय म्हणतील? फोटो तुमचा, त्यात हिरवा..."

"त्यात काय?"

सर पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. अंकाचे संपादक, मराठीचे गोरक्षनाथ सर, मध्ये पडले. "रंग खोटेच ना मॅडम? मग थोडा भगव्याकडे नेला तर काय बिघडलं? नेटवर सगळे सोनेरी असतात."

"खोटे नाहीत. नेमलेले."

एक करडा फोटो. दुसरा करडा. तिसराही. दर वेळी वेगळा फिल्टर, एकाच मूलद्रव्याचा प्रकाश आत सोडणारा. मग नेमणूक. सर्वांत लांब लहर गंधकाची, तिला तांबडा. मधली हायड्रोजनची, हिरवा. आखूड ऑक्सिजनची, निळा. तिन्ही फोटो एकाच प्रमाणात उजळवलेले.

"हायड्रोजनचा उजेड जास्त, म्हणून हिरवा जास्त. सोनेरी करणारे हिरवा मुद्दाम दाबतात. छान दिसतं. मी दाबणार नाही."

"डोळ्याला खरा रंग कोणता मग, हायड्रोजनचा?" आदिनाथ सर.

"तांबडा."

"मग तांबडाच करा की! मिटलं."

"गंधकही तांबडाच आहे सर."

मॅडमनी लॅपटॉपवर तसं करून दाखवलं. "ही कड बघा. इथं गंधक वेगळा दिसत होता. आता मिसळून गेला."

"मला तर दोन्ही फोटो सारखेच दिसतात," आदिनाथ सर म्हणाले.

"पोरांना सारखे दिसायला नकोत."

"एवढ्याशा रंगावरून कशाला ताणता, मॅडम," गोरक्षनाथ सर म्हणाले.

"तुमच्या कवितेतला एक शब्द मी बदलते. चालेल?"

त्यांनी आपल्या कवितेचं पान जवळ ओढलं.

"छापायचा तर हिरवा. नाहीतर फोटो काढून टाका, माझं नावही."

अंक आला. मुखपृष्ठावर कॉलेजची इमारत.

त्याच सकाळी प्रयोगशाळेच्या दारावर, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडासमोर, हिरवागार तेजोमेघ. खाली स्केचपेननं ठळक: तांबडा गंधक, हिरवा हायड्रोजन, निळा ऑक्सिजन. काही बदललेलं नाही.

"परवानगी कुणाची घेतली?" आदिनाथ सरांनी दारात विचारलं.

"हायड्रोजनची," मॅडम म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

आदिनाथ सरांना लहानपणापासून तांबडा आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. फोटोत कोणता रंग आहे, हे त्यांना गोरक्षनाथ सरांनी सांगितलं होतं.