ऐंशी शब्दांत मावणारा नवरा

नोकरी गेल्यापासून इंजिनिअरसाहेबांना पहिल्यांदाच कुणीतरी बोलायला बोलावलं होतं. भिंती न फोडता इमारतीतली गळती कशी शोधायची, यावर वेबिनार. विषय त्यांच्या हातचा मळ. घोडं अडलं ते परिचयापाशी. संयोजक बाईंनी बजावलं होतं, "तृतीयपुरुषी लिहा, ऐंशी शब्दांच्या आत. वेबिनारच्या पानावर तोच टाकणार आणि सुरुवातीला तोच वाचणार."

इतकी वर्षं त्यांचा परिचय चुटकीसरशी व्हायचा: नाव, हुद्दा, कंपनी. आता बिनकंपनीच्या माणसाला कोण ऐकणार, या धास्तीनं त्यांनी पदव्या, प्रशिक्षणं, शाळेतलं वक्तृत्वाचं बक्षीस, सगळं कोंबलं. शब्द दोनशेच्या वर गेले. मग कंटाळून ते म्हणाले, "जुना हुद्दाच ठेवतो. कोण विचारणार?"

"तुमच्या कंपनीतलंच कुणी ऐकायला बसलं तर?" बायको म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला.

"हे बक्षीस कशाला? ज्यांच्या घरात पाणी झिरपतंय त्यांना तुमच्या शाळेचं काय?" तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "मी शेजारणीला तुमच्याबद्दल सांगते तसं लिहू. नाहीतरी स्वतःचं कौतुक करताना तुम्हाला घाम फुटतो."

खाटेवरून आई म्हणाल्या, "लिही, लहानपणी फार रडका होता."

"ते राहू द्या, आई. तिकडे शब्द मोजून घेतात."

तिनं नावापुढे लिहिलं: "वीस वर्षांपासून इमारतींतली गळती शोधत आहेत. भिंतीला यंत्र लावून ते आत वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात, त्यामुळे तोडफोड फक्त नेमक्या जागी होते. एका मोठ्या कंपनीत गळती विभाग सांभाळल्यानंतर आता ते स्वतंत्र सल्लागार आहेत. त्यांच्या पत्नीच्या मते, भिंतीआडचा थेंब त्यांना ऐकू येतो, तिची हाक मात्र येत नाही."

"स्वतंत्र सल्लागार?"

"नोकरी गेल्यावर सोसायट्यांची कामं केलीत ना? मग?"

शेवटचं वाक्य काढ म्हणून ते हटून बसले. ती म्हणाली, "तेवढं एकच लोकांच्या लक्षात राहील." शब्द भरपूर शिल्लक होते, त्यामुळे लांबीचं कारणही चालेना.

वेबिनारच्या दिवशी बाईंनी परिचय वाचला. कंपनीचं पाठबळ नसलेलं आपलं नाव ऐकताना साहेब श्रोत्यांचा आकडा घसरतोय का ते बघत राहिले. पण शेवटच्या वाक्याला पडद्यावरचे चौकोन एकेक करून हसले, आणि सोडून कुणीच गेलं नाही. साहेबांनी माईक सुरू केला. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, ऐकलंत का?"

"ओ, आलो," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी ते ऐकलं. बाई हसू दाबत म्हणाल्या, "सर, पानावरचं शेवटचं वाक्य आता बदलावं लागणार."

"राहू द्या," साहेब म्हणाले, "आज पहिल्यांदाच ऐकू आलंय." आणि त्यांनी पडद्यावर पहिली गळकी भिंत दाखवली.